यादी खाली सरकवा, बोअरवेल वर आणा

मागच्या महिन्यात अमरावती रोडवरच्या एका कॉलेजात माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता. चहाच्या आधीच्या सत्रात विषय होता, पीएचडी करून कंपनीच्या आर अँड डीमध्ये जाणाऱ्यांनी रिझ्युमे कसा लिहावा. व्यासपीठावर एका बाजूला कंपनीतले एक बडे अधिकारी होते. त्यांचं म्हणणं, ‘‘पेपर कोण वाचतो हो? ते सगळे काढून टाका, रिझल्ट लिहा.’’ दुसऱ्या बाजूला निवृत्त विभागप्रमुख. ते तडकलेच. म्हणाले, ‘‘चौदा पेपर म्हणजे चौदा वेळा परीक्षा. ती पुसून तिथं जाहिरात लिहायची का?’’ टाळ्या दोघांनाही मिळाल्या. मी सव्वीस वर्षं कंपनीच्या लॅबमध्ये काढली, त्यातली निदान पंधरा तरी उमेदवारांचे कागद चाळण्यात गेली, आणि मला दोघांचंही पटलं नाही. एकानं रिकामी जागा करून दिली, पण तिथे काय लिहायचं ते सांगितलं नाही. दुसऱ्यानं ती जागा फक्त जाहिरातीनेच भरता येते असं गृहीत धरलं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पेपरांची यादी रिझ्युमेच्या वरून खाली गेली पाहिजे, आणि तिच्या जागी सोडवलेला प्रश्न यायला हवा. पण तो प्रश्न असा लिहिला पाहिजे की त्यात लिहिणारा पेपरपेक्षा जास्त उघडा पडेल. सुरुवातीला काय स्थिती होती, कशामुळे अडलं, काय बदललं, किती फरक पडला, त्यात माझा वाटा कोणता आणि काय तपासायचं राहिलं, एवढं त्यात यायला हवं. हे यादीपेक्षा कठीण आहे. विभागप्रमुखांना जी जाहिरात वाटते, ती हे न करता केलेली पळवाट असते.

मेळाव्यानंतर एक मुलगी भेटायला आली. नागपुरातच रसायनशास्त्रात पीएचडी, विषय पिण्याच्या पाण्यातलं फ्लोराइड काढणारा ॲडसॉर्बंट, म्हणजे फ्लोराइड आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवणारा पदार्थ. दीड वर्षापासून पाणी शुद्धीकरणाच्या कंपन्यांकडे अर्ज करत होती, एकाही ठिकाणाहून बोलावणं नव्हतं. रिझ्युमे साडेचार पानांचा. पहिल्या पानावर उद्दिष्ट आणि शिक्षण, मग सलग दोन पानं पेपर, मग परिषदा, मग उपकरणांची नावं. संशोधनाबद्दल एकच ओळ होती. मूळ इंग्रजी, पण मराठीत ती अशी होते: ‘फ्लोराइड काढण्यासाठी नव्या संमिश्र ऑक्साइडची निर्मिती व त्याचे गुणधर्म, कमाल क्षमता २८ मिलिग्रॅम प्रति ग्रॅम, १४ शोधनिबंध.’ कुणाच्या तरी सल्ल्यावरून तिनं दुसरी प्रतही केली होती. तिच्यात पेपर गायब आणि वर ठळक अक्षरात, ‘पाण्यातील फ्लोराइड ९८ टक्क्यांनी कमी केले.’

या दोन ओळी म्हणजे व्यासपीठावरची दोन माणसंच. आणि पाण्याच्या धंद्यातल्या माणसासाठी दोन्ही सारख्याच निरुपयोगी. कशा, ते जरा सविस्तर सांगतो, कारण वाद इथेच चुकतो.

आधी अठ्ठावीसचं बघू. एक ग्रॅम भुकटी जास्तीत जास्त किती मिलिग्रॅम फ्लोराइड धरते, तो हा आकडा, आणि तो खोटा नाही. डिस्टिल्ड वॉटरमध्ये सोडियम फ्लोराइड विरघळवायचं, लिटरला दहापासून शंभर मिलिग्रॅमपर्यंत वेगवेगळी द्रावणं करायची, प्रत्येकात थोडी भुकटी टाकून चोवीस तास हलवत ठेवायची, आणि आलेले बिंदू लँगम्युअरच्या समीकरणात बसवायचे. वक्र जिथे सपाट होतो ती कमाल क्षमता. पण तो सपाट होतो केव्हा? पाण्यात चाळीस-पन्नास मिलिग्रॅम फ्लोराइड शिल्लक असताना. असं पाणी कुणी पीत नाही. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५. म्हणजे ॲडसॉर्बंटला काम करायचंय वक्राच्या अगदी पायथ्याशी, आणि रिझ्युमेत आकडा लिहिलाय शिखरावरचा. त्यात डिस्टिल्ड वॉटरमध्ये फ्लोराइडशी भांडायला दुसरं कुणीच नसतं. विदर्भातल्या बोअरवेलच्या पाण्यात बायकार्बोनेट मुबलक असतं, पीएच बरेचदा आठच्या पुढे असतो, आणि त्या पीएचला ऑक्साइडच्या पृष्ठभागावरच्या जागा हायड्रॉक्साइडही बळकावतो.

आता अठ्ठ्याण्णव टक्के. मी तिला विचारलं, ‘‘भुकटी किती टाकली होती?’’ लिटरला पाच ग्रॅम. सुरुवातीचं फ्लोराइड दहा मिलिग्रॅम. म्हणजे पाच ग्रॅम भुकटीनं ९.८ मिलिग्रॅम उचललं, ग्रॅममागे जेमतेम दोन. टक्केवारी अशी लवचीक असते की चमचे वाढवत गेलात तर शंभराच्या जवळ कुठेही नेता येते. मात्रा न सांगता दिलेली टक्केवारी कंपनीतला माणूस वाचतो ती ‘याला मात्रा सांगायची नाहीये’ अशी. म्हणजे पेपर काढून टाकून तिनं विश्वास कमावला नाही, होता तोही घालवला. विभागप्रमुखांची भीती इथे शंभर टक्के खरी ठरते, हे मान्यच करतो.

मग मी तिला लॅब नोटबुक आणायला सांगितली. दुसऱ्या दिवशी ती तीन जाडजूड वह्या घेऊन आली, आणि तिसऱ्या वहीत एक पान होतं, वर लाल पेनानं लिहिलेलं ‘कॉलम – फेल’. हे काय, विचारलं, तर म्हणाली, ‘‘ते तर फसलं होतं नं सर. म्हणून पेपरात नाही टाकलं.’’

फसलं ते असं. भुकटी काचेच्या नळीत भरून वरून पाणी सोडलं, तर दुसऱ्याच तासाला नळी तुंबली. बारीक कणांमधून पाणी जायला वाटच राहत नाही, दाब वाढत जातो. पेपरासाठी हे बिनमहत्त्वाचं, कारण तिथे भुकटी बाटलीत हलवायची असते. पण घरातला असो की गावातला, फिल्टर बाटलीत हलवून चालत नाही, त्यातून पाणी वाहायला लागतं. मग तिनं आणि शेजारच्या लॅबमधल्या एका सहकाऱ्यानं कण एकत्र बांधणारा बाइंडर घालून अर्धा ते एक मिलिमीटरचे दाणे केले. बाइंडरची कल्पना सहकाऱ्याची. दाण्यांमुळे क्षमता घटली, पण पाणी वाहू लागलं. यवतमाळ जिल्ह्यातल्या तिच्या मामाच्या गावच्या बोअरवेलचं पाणी वीस-वीस लिटरच्या कॅनमधून आणलं, कधी एसटीच्या डिकीतून तर कधी कापसाच्या गाडीवर. फ्लोराइड लिटरला ४.२ मिलिग्रॅम, पीएच ८.१, आणि अल्कलिनिटी, म्हणजे मुख्यतः त्या बायकार्बोनेटचं माप, लिटरला ४०० मिलिग्रॅम. नळीत दाण्यांचा थर दोनशे मिलिलिटरचा. बाहेर पडणाऱ्या पाण्यात फ्लोराइड १.५ ला पोचेपर्यंत किती पाणी गेलं? थराच्या आकारमानाच्या दीडशे पट, म्हणजे तीस लिटर. तिनं शांतपणे त्या पाण्याचा पीएच ६.५ वर आणून पुन्हा चालवलं, तेव्हा चारशेवीस पट, म्हणजे चौऱ्यांशी लिटर. नंतर सौम्य कॉस्टिक सोड्यानं धुऊन, आम्लानं उदासीन करून तोच थर पाच वेळा पुन्हा वापरला. पाचव्यांदाही पहिल्या वेळेच्या ऐंशी टक्के पाणी मिळालं. चोवीस-पंचवीस कॅन पाणी आणि जवळजवळ चार महिने, सगळं ‘फेल’ या मथळ्याखाली.

मी कागदावर गणित मांडलं. लिटरमागे सरासरी ३.७ मिलिग्रॅम फ्लोराइड निघालं, पाणी थराच्या ४२० पट, आणि दाण्यांचं वजन लिटरला सातशे ग्रॅम धरलं, तर ग्रॅममागे सव्वादोन मिलिग्रॅमच्या आसपास. अठ्ठावीस नाही, सव्वादोन. ती हिरमुसली. पण ज्यानं दहा वर्षं असे कॉलम चालवलेत तो अठ्ठावीसवर हसतो आणि सव्वादोनवर खुर्ची पुढे ओढतो, कारण त्याच्याकडच्या मालाचा खरा आकडाही त्याच पट्ट्यात असतो. त्याला कळतं की समोरच्या मुलीनं खरं पाणी हाताळलंय.

हे काही एकटीचं प्रकरण नाही, आणि यात मुलांचा दोषही फारसा नाही. २०१० मध्ये यूजीसीनं एपीआय आणला, प्राध्यापकाच्या कामाला गुण लागले, आणि पेपर मोजणं हा आपल्या विभागांचा धर्म झाला. २०२२ च्या नियमांनी प्रबंधाआधी पेपर छापलाच पाहिजे ही सक्ती काढली, पण सवय गेलेली नाही. जे मोजलं जातं तेच नोंदलं जातं. पेपरासाठी एक्स-रे डिफ्रॅक्शनचा आलेख, इन्फ्रारेडचा आलेख, लँगम्युअरची रेघ आणि ‘नवा’ हा शब्द लागतो. तुंबलेली नळी तिथे बसत नाही. त्यामुळे कंपनीला ज्यात खरा रस असतो ते काम बहुतेक वेळा यादीतल्या कुठल्याच पेपरात नसतं. यादी वर ठेवायला माझा मुख्य विरोध इथे आहे. तिच्यामुळे उमेदवाराचं सगळ्यात उपयोगी काम झाकलं जातं.

नागपूरकरांना तरी हे पटायला हवं, कारण याचा सगळ्यात चांगला दाखला आपल्याच गावात घडलाय. १९७० च्या दशकात नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी फ्लोराइड काढायची एक पद्धत बसवली. पाण्यात तुरटी आणि चुना टाकायचा, जोडीला ब्लीचिंग पावडर, आधी जोरात ढवळायचं, मग हळूहळू, गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी गाळून घ्यायचं. घरात बादलीत जमतं, गावासाठी टाकीत जमतं. तिचं नाव काय? नलगोंडा पद्धत. आजच्या तेलंगणातल्या ज्या जिल्ह्यात फ्लोराइडमुळे लोकांचे दात पिवळे पडत होते त्याचं नाव. तिच्यावरही निबंध लिहिले गेले, मर्यादाही नोंदल्या गेल्या: तुरटी फार लागते, गाळ फार पडतो, पाण्यात ॲल्युमिनियम उरू शकतं. पण त्या निबंधांची शीर्षकं आज किती जणांना आठवतात? ओळख राहिली ती प्रश्नाच्या नावानं. एवढ्या लांबच्या काळात त्या शास्त्रज्ञांनी स्वतःची ओळख करून देताना काय सांगितलं असेल, निबंधांची संख्या की गावातल्या बादलीतला फरक?

त्याहून जुना दाखला शांतिस्वरूप भटनागरांचा. नीरी ज्या सरकारी संशोधन परिषदेची प्रयोगशाळा आहे ती सीएसआयआर उभी करणारे भटनागर, म्हणजे नीरीचेही एका अर्थानं पूर्वज. लाहोरला प्राध्यापक असताना त्यांच्याकडे अटक ऑइल कंपनीचा प्रश्न आला. तेलासाठी खोदताना भोकात जो चिखल सोडतात तो खारं पाणी लागलं की घट्ट होऊन दगडासारखा बसायचा आणि खोदाई अडायची. भटनागरांनी ओळखलं की हा कलॉइडचा प्रश्न आहे, क्षारांमुळे चिखलातले सूक्ष्म कण एकमेकांना चिकटतात. त्यांनी त्यात एक भारतीय डिंक घातला. चिखल पातळ राहिला आणि क्षारांपुढे टिकलाही. कंपनी एवढी खूष झाली की पेट्रोलियम संशोधनासाठी दीड लाख रुपये देऊ केले, आणि ते त्यांनी विद्यापीठाकडे वळवले. गोष्टीचा आकार बघा: काय अडलं, का अडलं, काय केलं, काय झालं. ती चार वाक्यांत सांगता येते, आणि त्या चार वाक्यांतून भटनागरांना कलॉइड रसायन किती कळत होतं ते कुठल्याही यादीपेक्षा जास्त कळतं. ज्ञान गाळून परिणाम सांगायचा असं मी म्हणतच नाही. कारणाशिवाय सांगितलेला परिणाम म्हणजे पुन्हा अठ्ठ्याण्णव टक्केच.

आता विरोधातले मुद्दे घेऊ. पहिला मुद्दा सगळेच मांडतात. पेपर तज्ज्ञांनी तपासलेला असतो, आणि रिझ्युमेतला दावा स्वतःच केलेला. हे खरं आहे. पण तज्ज्ञ काय तपासतात? मांडलेल्या आकड्यांवरून मांडलेला निष्कर्ष निघतो का, एवढं. नऊ लेखकांपैकी सहाव्यानं नेमकं काय केलं ते कुणी तपासत नाही, आणि कंपनीला नेमकं तेच हवं असतं. उलट ‘पीएच ८.१ वरून ६.५ केल्यावर दीडशेचे चारशेवीस झाले’ असं लिहिलंत की वीस मिनिटांत तपासणी होते. मी तिला तिथल्या तिथे विचारलं, साडेसहाच का, पाच का नाही? म्हणाली, साडेसहाच्या आसपास निम्म्याच्या जवळ बायकार्बोनेट कार्बन डायऑक्साइड होऊन जातं, स्पर्धा घटते. अजून खाली नेलं तर आम्ल जास्त लागतं आणि दाण्यांतलं ॲल्युमिनियम सुटायला लागतं. मग आम्ल किती लागेल? तिनं फोनवरच हिशेब केला. हजार लिटरमागे साधारण एकशे साठ ग्रॅम सल्फ्युरिक आम्ल. ज्यानं काम केलेलं नाही त्याला या दुसऱ्या प्रश्नापुढे जाता येत नाही. पेपर इथे साक्षीदार म्हणून उपयोगी आहेतच. दाव्याखाली त्याच्याशी संबंधित दोन-तीन पेपर द्यावेत, बाकी यादी मागितली तर देऊ म्हणावं. साक्षीदारानं खटल्याच्या आधी बोलायला सुरुवात केली की न्यायाधीश कंटाळतो.

दुसरा मुद्दा मूलभूत संशोधनाचा. ज्यानं पाच वर्षं एखाद्या संयुगाचा स्पेक्ट्रम समजून घेण्यात घालवली, त्यानं कुठला प्रश्न सोडवला म्हणायचं? इथे माझं अर्धं मान्य. अशा माणसाला ‘परिणाम’ लिहायला लावलं की तो टक्केवारी शोधून काढतो आणि फसतो. पण ज्यानं खरंच लॅबमध्ये दिवस काढलेत त्याच्याकडे प्रश्न नसतात असं मला कधी दिसलं नाही. आमच्याकडे एक जण आला होता, शुद्ध स्पेक्ट्रोस्कोपीवाला. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी त्याचे आकडे सरकायचे आणि पहाटे जागेवर यायचे. सहा आठवडे खपून त्यानं शोधलं की दोष नमुन्यात नाही, एसी बंद-चालू होताना डिटेक्टरचं तापमान हलतं. त्यानं त्या वेळा टिपल्या, दर दहा नमुन्यांनंतर एक प्रमाण नमुना लावला, आणि तिथून पुढे आकडे जुळले. हे त्याच्या एकाही पेपरात नव्हतं. आम्ही त्याला त्यावरच घेतलं, कारण कारखान्यात अशा सरकत्या आकड्यांनीच रात्री फोन येतात.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात जड वाटतो, आणि तो व्यासपीठावर कुणी काढलाच नाही. नंतर चहाच्या टेबलावर गडचिरोलीकडच्या एका मुलानं काढला. म्हणाला, ‘‘आमच्याजवळ मोठ्या संस्थेचं नाव नाही, ओळखीचं कोणी नाही. चौदा पेपर हेच आमचं भांडवल. तेही खाली टाकायचं म्हणता?’’ या प्रश्नाला झटकून टाकता येत नाही. यादीचा एक गुण आहे, ती आडनाव आणि गाव विचारत नाही. आणि काही कंपन्यांत अजूनही पहिली चाळणी संख्येवरच होते, हेही खरं. तिथे संख्या पहिल्या पानावर एका ओळीत ठेवायला माझी हरकत नाही. पण भाऊ, यादीच्या खेळात जिंकतं कोण? इथले चौदा आणि आयआयटीचे चौदा शेजारी ठेवले की वाचणारा जर्नलांची नावं बघतो, मग गाइडचं नाव बघतो, आणि संपलं. तिथली उपकरणं वेगळी, सहलेखक वेगळे, त्या मैदानावर आपण उतरायचंच का? उलट यवतमाळची बोअरवेल आयआयटीतल्या मुलाकडे नव्हती. चोवीस कॅन त्यानं वाहिले नाहीत. सोडवलेला प्रश्न हेच एक ठिकाण आहे जिथे साधनांची गरिबी सांगितली तर वजन वाढतं.

एक जुनी आठवण इथे लागू पडते. डब्लिनच्या गिनेस दारूभट्टीत विल्यम गॉसेट नावाचा रसायनतज्ज्ञ होता. बार्ली आणि बिअरचे नमुने हाताशी थोडेच असायचे, आणि थोड्या नमुन्यांवरून खात्रीनं काय सांगता येईल हा त्याचा रोजचा प्रश्न. कंपनी आपल्या माणसांना नावानं छापू देत नसे, म्हणून १९०८ चा त्याचा निबंध ‘स्टुडंट’ या टोपणनावानं आला. आपल्या प्रत्येक प्रबंधात जी टी-टेस्ट असते ती त्याची. सांगायचं एवढंच की कंपनीतल्या संशोधकांचं काम बरेचदा छापलंच जात नाही. जो माणूस टेबलापलीकडे बसून तुमचा रिझ्युमे वाचतोय त्याच्या स्वतःच्या नावावर गेल्या दहा वर्षांत एखादा पेपरही नसेल. तुमच्या यादीनं तो भारावेल ही अपेक्षा कशाच्या जोरावर?

एक व्यावहारिक अडचण मात्र आहे, आणि तिच्याकडे सल्ला देणारे दुर्लक्ष करतात. न छापलेलं काम रिझ्युमेत घालताना गाइडला विचारायला हवं, विशेषतः पेटंट दाखल व्हायचं असेल तर. अर्ज होण्याआधी घटक उघड झाले तर नावीन्याचा दावाच धोक्यात येतो. तिच्याबाबतीत आम्ही ऑक्साइडचं प्रमाण आणि बाइंडरचं नाव गाळलं. पाणी कसं होतं, काय अडलं, किती फरक पडला हे ठेवलं. कंपनीला पहिल्या वाचनात कृती नकोच असते. आणि ज्यांना विद्यापीठाचा दरवाजा उघडा ठेवायचाय त्यांनी दोन वेगळे कागद ठेवावेत, प्राध्यापकीसाठी यादीसकट लांब, कंपनीसाठी दोन पानी. एकाच कागदानं दोन्हीकडे जायचं ठरवलं की तो साडेचार पानांचा होतो.

तर तिच्या रिझ्युमेत अठ्ठावीसच्या जागी शेवटी हे आलं: ‘बोअरवेलच्या पाण्यात (फ्लोराइड ४.२, अल्कलिनिटी ४०० मिलिग्रॅम प्रति लिटर) भुकटी कॉलममध्ये दोन तासांत तुंबत होती. ०.५ ते १ मिलिमीटरचे दाणे वापरून प्रवाह सुरू केला. बाइंडर सहकाऱ्याचा, कॉलमची रचना व सर्व चाचण्या माझ्या. पीएच ८.१ वरून ६.५ केल्यावर १.५ च्या मर्यादेपर्यंत मिळणारे पाणी थराच्या १५० पटीवरून ४२० पटीवर गेले. पाच वेळा धुतल्यानंतर ८० टक्के शिल्लक. दोनशे मिलिलिटरपेक्षा मोठ्या थरावर तपासलेले नाही.’ खाली दोन पेपर, एका ओळीत एकूण संख्या.

शेवटच्या वाक्यावरून आमचं भांडण झालं. ते काढा म्हणाली, ‘‘स्वतःच्याच पायावर धोंडा काहून पाडून घ्यायचा सर?’’ मी म्हटलं राहू दे. तिनं ठेवलं, पण अक्षर जरा बारीक केलं, मला न सांगता. तीन आठवड्यांनी बुटीबोरीकडच्या एका कंपनीनं बोलावलं. परत आल्यावर तिचा फोन आला. आत गेल्यावर समोरच्या बाईंनी चष्मा वर करून ती बारीक ओळ वाचली आणि विचारलं, ‘‘दोन लिटरचा थर केला तर पहिलं काय बिघडेल?’’ ती म्हणाली, आम्ल घातल्यावर कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे थरात अडकतील आणि पाणी कडेनं वाट काढेल. बाईंनी कागद उलटा केला, मागच्या कोऱ्या बाजूवर नळी काढली आणि पेन तिच्या हातात दिलं. पुढची चाळीस मिनिटं त्या नळीवरच गेली. पेपरांबद्दल कुणी विचारलं का, मी विचारलं. ‘‘विचारलं नं,’’ म्हणाली, ‘‘निघताना. यातलं किती छापलंय म्हणे, आणि जे छापलं नाही ते आधी दाखव.’’